खजुरीच्या आजीचा डावा पाय

आई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर जेद्दाला आली होती आणि परतीच्या तिकिटाची तारीख तिला पाठ होती. नाशिकचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी. इथेच राहायचं म्हटलं तर इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, भानगड आणि तिथेच तळमजल्यावर घर बघू म्हटलं तर तिचा नकार. "मला काय धाड भरलीय? दिवसातून दोनदा जिना चढते मी," हे तिचं ठरलेलं उत्तर. मी दर आठवड्याला विषय काढायचो आणि दर आठवड्याला तोंडावर आपटायचो.

मी ज्या स्टुडिओत काम करतो तिथे तेव्हा लहान मुलांची मालिका चालू होती. तिच्यात खजुरीच्या झाडाची एक आजी होती. पाय खोडासारखे लांब, कंबर टोपलीएवढी रुंद, वरचं धड मुठीएवढं आणि हात गुडघ्यांपर्यंत लोंबणारे. तिच्या हालचालींसाठी खऱ्या माणसाच्या अंगावर मार्करचे चमकते ठिपके लावून हालचाल टिपायची आणि ती या बाईच्या अंगात उतरवायची, हे माझं काम. आधी एका तरुण नटीने म्हातारीची चाल करून दाखवली. तिने कमरेत अशी काही वाकून चाल केली की म्हातारी कमी आणि सुई शोधणारी जास्त वाटत होती. दिग्दर्शक वैतागला आणि मला म्हणाला, तुझी आई आलीय ना, तिला विचार.

मला वाटलं आई उडवून लावेल. तिने फक्त काम काय ते विचारलं. चालायचं, खुर्चीत बसायचं, उठायचं, असं मी सांगितलं. "हे तर मी फुकट करते," म्हणाली आणि तयार झाली. मार्कर लावायला आमच्याकडची एक सौदी मुलगी होती, ती तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. आयुष्यभर साडीत वावरलेली माझी आई अंगाला चिकटलेल्या काळ्या सूटमध्ये बाहेर आली तेव्हा मी उगाच वायर गुंडाळायला लागलो. तीच मला म्हणाली, "बघ की नीट, पाणबुडी दिसतेय का?" काम तासाभरात झालं. दोघींनी नंतर गाहवा म्हणजे अरबी कॉफी घेतली, खजूर खाल्ले आणि भाषा येत नसताना खूप गप्पा मारल्या.

माझं खरं काम त्यानंतर सुरू झालं. एकाचे सांध्यांचे कोन दुसऱ्याला दिले की हालचाल उतरते, पण ती जशीच्या तशी उतरत नाही. आई पाच फुटांच्या आतली. तिच्या मांडीचा कोन खजुरीच्या आजीला दिला की लांब पायांमुळे पाऊल हातभर पडायचं आणि शरीर पुढे सरकायचं मात्र आईएवढंच, त्यामुळे पाय जमिनीवर घसरायचे. मग कमरेचं पुढे सरकणं पायांच्या लांबीच्या प्रमाणात वाढवलं. खुर्चीतून उठताना आई हात गुडघ्यावर दाबायची, तर इकडे तो हात मांडीच्या आरपार जायचा. तो हात मी गुडघ्याला बांधून टाकला आणि कोपर कसं वळायचं ते संगणकावर सोपवलं. दोन दिवसांत बाई बऱ्यापैकी चालायला लागली.

एकच गोष्ट सुटेना. प्रत्येक दुसऱ्या पावलाला तिचा डावा पाय पुढे येताना जमिनीत शिरायचा. मला वाटलं, दोघींची सुरुवातीची उभी राहण्याची ढब जुळलेली नसेल. ती तपासली, ठीक होती. मग वाटलं, कमरेवरचा मार्कर सरकला असेल. म्हणून कमरेचा कोन थोडा उलटा फिरवून दिला, तर आता उजवा पाय हवेत तरंगायला लागला. मी मार्कर लावणाऱ्या मुलीवर जरा चढ्या आवाजात बोललो. ती शांतपणे म्हणाली की मार्कर सरकला असता तर कंबर सतत तिरकी दिसली असती, ही तर मधूनच होते. तिचं बरोबर होतं.

मग मी आईची मूळ हालचाल उघडली, कुठल्याही बाईच्या अंगात न उतरवलेली, नुसती काड्यांची. ती अगदी हळू चालवली. वजन उजव्या पायावर आलं की कंबर डावीकडे खचत होती. आईची कंबर अरुंद, त्यामुळे हे खचणं बोटभरसुद्धा नव्हतं आणि ती डावा पाय जरा जास्त उचलून ते सावरून घेत होती. तोच कोन टोपलीएवढ्या कमरेला मिळाला की डावी बाजू कितीतरी खाली जायची आणि पायाला जमिनीत शिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चूक माझ्या कामात नव्हती, मार्करमध्येही नव्हती. माझी आई तशीच चालत होती.

त्या मुलीला मी विचारलं, तर तिला हे आधीच जाणवलं होतं. स्टेजची एकच पायरी उतरताना खालाने तिचा हात घट्ट धरला होता आणि मला सांगू नकोस अशी खूण केली होती. तेव्हा मला बलदमधली, जेद्दाच्या जुन्या बाजारातली, संध्याकाळ आठवली. आई प्रत्येक दुकानासमोर थांबत होती, अत्तर बघत होती, जपाच्या तसब्या बघत होती, काही घेत नव्हती आणि मी तिला यल्ला यल्ला करत घाई करत होतो. दुकानं बघायची हौस म्हणून मी हसलोही होतो. आई विसावा घेत होती. मला इतका राग आला की कोणावर काढावा कळेना.

दिग्दर्शकाला ते खचणं नको होतं. आजी टुणटुणीत हवी होती. तसं करणं अवघड नव्हतं, मूळ हालचालीवर कमरेची वेगळी दुरुस्ती चढवायची आणि पावलं जमिनीशी जुळवून घ्यायची. ती मी केली, पण आधीची प्रत पुसली नाही.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप आईसमोर ठेवला आणि दुरुस्ती न केलेली आजी दाखवली. आधी ती खूप हसली. काय रे ही ताडमाड बाई, म्हणाली, हिला लुगडं किती वारी लागेल. बाई चालत होती, वळत होती, परत येत होती. दुसऱ्या फेरीला आईचं हसणं थांबलं. खुर्चीतून उठताना बाईने गुडघ्यावर हात दाबला, तेव्हा आईने आपला हात गुडघ्यावरून उचलून मांडीवर ठेवला. तो पदराखाली घेतला.

"तुझ्या साहेबाला दिसलं का हे?" तिने विचारलं.

"दिसलं."

"खुब्यात दुखतं. बरेच दिवस झाले." मग घाईने म्हणाली, "पण जिना चढते मी. मध्ये बसते आणि चढते."

मला म्हणायचं होतं की मला का नाही सांगितलंस, पण उत्तर मला माहीत होतं. सांगितलं असतं तर मी घर बदलायला लावलं असतं. त्या घरात बाबांची खुर्ची खिडकीपाशी आहे आणि खालची भाजीवाली आईला हाक मारून जाते. एवढ्याच गोष्टींसाठी ती दुखणं अंगावर काढत होती.

पडद्यावर बाईचा डावा पाय पुन्हा जमिनीत गेला. आई पुढे वाकून बघत होती.

"हे काढून टाकता येतं का रे?"

"हिच्यातून येतं," मी म्हणालो.

तिने माझा दंड धरला, त्यावर सगळा भार टाकला आणि उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने माझा आधार घेतला होता.

"मग हिच्यातून काढ," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी डॉक्टर बघ."