ढगाला लटकलेला सॉसेजवाला

सिलेसियातल्या नाइडहोफ गावात किलियान नावरोट सॉसेजं बनवायचा. बापाने बनवली, आजोबाने बनवली, म्हणून यानेही बनवली. बुटका, काटकुळा, तोंडात चोवीस तास वाकडी चिनीमातीची चिलीम. त्याची बायको अपोलोनिया म्हणायची, "अहो, रात्री झोपताना तरी ती काढा! एक दिवस गादी पेटेल आणि गाव म्हणेल, सॉसेजवाला स्वतःच भाजला."

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वर्षभरात दुकानाला टाळं लागलं. शत्रू आला म्हणून नव्हे हं. सरकारला गाईंची आतडी हवी होती.

आता सरकारला आतडी कशाला? तर आपल्या महान देशाची महान विमानजहाजं! दीडशे मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, वरून कापड, आणि पोटात ओळीने हायड्रोजनच्या प्रचंड पिशव्या. हायड्रोजन म्हणजे महाद्वाड वायू, नुसत्या कापडातून सुळकन निसटतो. त्याला धरून ठेवते ती गाईच्या आतड्याची बाहेरची पातळ त्वचा. ती सोलायची, खरवडायची, धुवायची आणि ओलीच कापडावर थर देऊन चिकटवायची. एका गाईमागे मिळतो हातरुमालाएवढा तुकडा. एका जहाजाला लागतात दोन-अडीच लाख गाई! म्हणजे आख्ख्या प्रांताची सॉसेजं आकाशात तरंगत होती, आणि खाली लोक सलगम उकडून खात होते. वर पुन्हा म्हणायचं काय, तर देशाचा विजय असो.

किलियानला आतड्यांची नस न् नस ठाऊक, म्हणून सैन्याने त्यालाच उचलला. काम काय? जहाजाच्या पोटात शिरून पिशव्यांची भोकं शोधायची आणि ठिगळं लावायची. फार वेळ आत राहिलं की गळक्या वायूने डोकं गरगरायचं. ते एक वेळ चाललं असतं, पण चिलीम! जहाजात आगकाडीसुद्धा गुन्हा. तळावर चढण्याआधी शिपाई खिशांची झडती घ्यायचे आणि बुटाचे खिळेसुद्धा तपासायचे. बारा-बारा तास चिलमीविना. किलियानचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

अशात एका सकाळी जहाजाचे कप्तान फॉन क्वास्टेनाऊ यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. उंच माणूस, मिशा मेण लावून टोकदार, आणि छातीवर एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली. पदकासाठी.

"टोपलीत बसायला कोण तयार आहे?"

सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. टोपली म्हणजे एक छोटी होडीच म्हणा, मागे शेपटीला पंख. जहाज ढगांच्या वर लपून राहायचं आणि पोलादी दोरीने ही टोपली आठशे मीटर खाली सोडायची, ढगांच्या तळाशी. आत एकच माणूस. दोरीच्या पोटातूनच टेलिफोनची तार. खालची जमीन त्याने पाहायची आणि वर सांगायचं, डावीकडे, उजवीकडे, टाका. वरचे सुरक्षित, खालचा हवेत. आधीचा लेफ्टनंट त्यात बसून आला तो तीन दिवस नुसता ओकत होता.

"तिथे ओढता येते का साहेब?" किलियानने विचारलं.

"काय ओढता येते?"

"चिलीम."

कप्तान हसले. "हायड्रोजनपासून आठशे मीटर लांब, नावरोट. हवा तर भट्टी पेटव."

"मग मी तयार आहे."

वजन बावन्न किलो. कप्तानांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि एक जास्तीचा बॉम्ब मावेल म्हणून खूष झाले.

पहिल्या चार मोहिमांत फारसं काही घडलं नाही. रशियाच्या बाजूच्या रेल्वेवर बॉम्ब टाकायचं ठरायचं. ढग, वारा, धुकं. बहुतेक बॉम्ब शेतांत. अहवालात मात्र दर वेळी "लष्करी लक्ष्याचं भीषण नुकसान". किलियानला वाटायचं, बटाट्याचं शेत हे लष्करी लक्ष्य असेलही बुवा, आपल्याला काय कळतं! तो चिलीम ओढायचा आणि गप्प राहायचा.

पाचव्या मोहिमेत गोची झाली.

रात्रभर ढगांवरून हिंडून स्थानक सापडलं नाही. पहाट झाली. पाच बॉम्ब, पन्नास-पन्नास किलोचे, तसेच शिल्लक. बॉम्ब परत नेणं म्हणजे कप्तानांची नाचक्की. नकाशावर पट्टी ठेवून दिशा सांगणारे लेफ्टनंट रूलांट म्हणाले, अजून आपण शत्रूच्याच मुलखावर आहोत. आता खाली जमीनच दिसत नसेल तर वाऱ्याने किती ढकललंय हे कळणार कसं? होकायंत्र नाक कुठे आहे ते सांगतं, वारा शेपूट कुठे नेतोय ते सांगत नाही. रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा पाठीशी होता आणि त्याचा हिशेब कोणीच धरला नव्हता.

टोपली खाली सुटली. पांढरं, पांढरं, सगळं पांढरं. मग एकदम ढगाचं पोट फाटलं आणि साडेतीनशे मीटर खाली एक गाव दिसलं. चर्च, रेल्वे स्थानक, मालगाडी, पलीकडे मोठी तळी. आणि स्थानकाजवळच्या चौकात मटणाच्या दुकानापुढे बायकांची रांग.

किलियान पाहतच राहिला. रांग कशी? दोघी-दोघींची, आखल्यासारखी सरळ, मध्ये हातभर अंतर, आणि टोकदार हेल्मेट घातलेला एक पोलीस एका बाईला अर्ध्या पावलाने मागे सारत होता. अशी रांग जगात एकाच देशात लागते! तेवढ्यात स्थानकातून दोन हिरवे तारे फुस्सकन वर उडाले. इंजिनांची घरघर ऐकून कोणी तरी ठरलेली खूण दाखवत होतं: आपलेच आहोत. ढगांवरच्या जहाजाला ती दिसणार कशी!

"साहेब, खाली आपलंच गाव आहे!" तो टेलिफोनमध्ये ओरडला.

"अशक्य. रूलांटचं गणित बरोबर आहे."

"हिरवे तारे उडाले, साहेब!"

"शत्रूने आपली खूण चोरली असेल. स्थानक आहे ना?"

"आहे, पण रांग..."

"कसली रांग?"

"मटणाची. सरळ आहे, साहेब. अगदी सरळ!"

वरून कप्तानांचा आवाज आला, बर्फासारखा. "नावरोट, तू सॉसेजवाला आहेस. मी कप्तान आहे. तू दिशा दे, नाही तर मी अंदाजाने टाकतो. आणि वर आल्यावर तुझ्यावर खटला."

अंदाजाने म्हणजे त्या बायकांच्या डोक्यावर. अपोलोनियाही या घटकेला अशाच एका रांगेत उभी असणार, शाल डोक्यावरून घेऊन. त्याला तिची आठवण इतकी आली की डोळे भरले. चिलीम दातांत घट्ट धरली आणि तो आयुष्यात पहिल्यांदा अधिकाऱ्याशी खोटं बोलला.

"चुकलं, साहेब! झेंडा दिसला. शत्रूचंच स्थानक. दहा अंश डावीकडे घ्या."

जहाज वळलं. टोपली आठशे मीटर खालून मागे मागे फरफटत आली. चौक, चर्च, स्थानक सगळं मागे पडलं. खालून कोणा बहाद्दराने टोपलीवरच बंदूक झाडली. एक गोळी पंखाला भोक पाडून गेली. आपलेच नेमबाज, आपलाच माणूस! चूक तरी कोणाची म्हणायची? ढगाला लटकलेला, चिलीम ओढणारा माणूस कोणी पाहिलाय कधी?

"अजून पाच अंश डावीकडे. सरळ. सरळ..." पुढे तळ्यांचं पाणी चमकलं. साडेअकराशे मीटरवरून बॉम्ब खाली यायला पंधरा-सोळा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो जहाजाच्या वेगानेच पुढेही जातो, म्हणून तळं यायच्या बरंच आधी सांगायला हवं. किलियानने मनात आकडे मोजले. "टाका!"

पाचही बॉम्ब ढगातून निघून त्याच्या नाकासमोरून, शंभर पावलांवरून शिट्टी वाजवत गेले. वजन गेल्यामुळे जहाज वर उसळलं आणि टोपलीला असा हिसका बसला की चिलीम तोंडातून सुटता सुटता राहिली. मग तळ्यातून पाच पांढरे खांब उभे राहिले.

"काय झालं?" कप्तान अधीर झाले होते.

"दारूगोळ्याचं कोठार उडालं, साहेब! नामोनिशाण नाही!"

कप्तानांची रिकामी जागा भरली. किलियानला दहा दिवसांची रजा आणि सोनेरी किनारीचं मानपत्र मिळालं: "अचूक नजरेने शत्रूचा शस्त्रसाठा नष्ट केल्याबद्दल." दोनच दिवसांनी सरकारने जाहीर केलं की एका भ्याड रशियन जहाजाने आपल्या शांत गावावर हल्ला केला. वर्तमानपत्रात कप्तानांच्या पराक्रमाची आणि ही, दोन्ही बातम्या एकाच पानावर होत्या. जोडून कोणीच वाचल्या नाहीत.

अचूक नजरेची शिक्षा पुढे मिळाली. विमानं आता चपळ झाली होती. आग लावणाऱ्या गोळ्यांची एक फैर आणि अडीच लाख गाई मिनिटात राख! कप्तानांचं जहाज तसंच जळालं; त्या दिवशी किलियान तळावर ठिगळ लावत होता म्हणून वाचला. सैन्याने विमानजहाजं मोडीत काढली आणि "अचूक नजर" पश्चिम आघाडीवर दोरीने बांधलेल्या निरीक्षणाच्या फुग्यात बसवली. तो फुगासुद्धा दिसायला हुबेहूब सॉसेज. सैनिक त्याला तेच म्हणायचे. तिथे बसून तोफांचे गोळे कुठे पडतात ते टेलिफोनवरून सांगायचं. शत्रूचं विमान आलं की खालचे लोक चरखी गरगर फिरवून फुगा ओढायचे, आणि वेळ नसला तर हवाई छत्रीने उडी. किलियानने तीनदा उडी मारली. तीनही वेळा चिलीम दातांत होती, आणि ती विझलेली होती, कारण इथे हायड्रोजन थेट डोक्यावर.

युद्ध संपलं. देश हरला, आतडी परत आली. दुकान उघडलं. अपोलोनियाने मानपत्र चौकटीत घालून गल्ल्यामागे टांगलं. किलियान म्हणाला, "काढ ते." ती म्हणाली, "गिऱ्हाईक येतं त्याने." मग राहिलं.

एका शनिवारी एक अनोळखी बाई आली. रोझिना पोल. म्हणाली, इथे बहिणीकडे आलेय. बोलकी होती.

"आमच्या गावावर रशियन आले होते बघा, आकाशातून. गाढवाला स्थानक दिसलं नाही, स्टेफानचं माशांचं तळं उडवलं! मेलेले मासे काठाला लागले, टोपल्या भरून. आख्ख्या युद्धात तेवढे दोन दिवस आम्ही पोटभर जेवलो. मटणाच्या रांगेत मी सातवी होते. पोटात माझी मार्गा होती, आठवा महिना. आणि एक सांगू? कोणी विश्वास ठेवत नाही. ढगातून एक माणूस लोंबत होता आणि चक्क चिलीम..."

ती थांबली. तिचं लक्ष किलियानच्या तोंडाकडे गेलं, मग भिंतीवरच्या मानपत्राकडे. तारीख तिने दोनदा वाचली.

"मासे चांगले होते?" किलियानने विचारलं.

"चिखलाची चव होती," ती हळूच म्हणाली. "पण चांगले होते."

किलियान लोकांसमोर ढसाढसा रडायला लागला. कप्तानांच्या खटल्याचं भय, तीन उड्या, सगळं मिळून आलं नसेल तेवढं रडू एका माशाच्या चवीने आलं. रोझिनाने गल्ल्यावरून हात पुढे करून त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"अहो बाई, काय चाललंय?" मागून कोणी तरी खेकसलं. "रांग पुढे सरकू द्या!"

किलियानने डोळे पुसत मान वर केली. दारापर्यंत दोघी-दोघींची, आखल्यासारखी सरळ रांग होती.