कव्हरच्या चार रेघा

स्कोअररच्या टेबलाशी येऊन "किती झाले हो?" असं विचारणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. समोर एवढा मोठा फलक टांगलाय, डोळे दिलेत देवाने, वाच की! पण नाही, टेबलावर कोपरं टेकून, आमच्या चहाच्या कपात डोकावून विचारणार. मी नुसता बघतो. वहिनी मात्र पेन्सिलीचं टोक त्या माणसाच्या कोपराला टोचते आणि म्हणते, "सावली पडते. सरका."

वहिनी म्हणजे सगळ्या क्लबची वहिनी. कॅप्टनची बायको, म्हणून पोरांनी वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि आता अंपायरसुद्धा तेच म्हणतात. आठवडाभर ती कपडे आल्टर करायच्या दुकानात बसते, लोकांच्या वाढलेल्या कमरा आणि आखूड झालेल्या पँटी सांभाळते. रविवारी मैदानावर येते. लग्नानंतर पहिल्या वर्षी नुसती बघायला यायची आणि कंटाळायची. एकदा क्लबचा स्कोअरर आला नाही, म्हणून तिला बसवलं. "लिहायचंच आहे ना? त्यात काय एवढं," म्हणाली आणि पहिल्याच डावात बाइजच्या, म्हणजे बॅटला न लागता पळून काढलेल्या धावा बॅट्समनच्या खात्यात टाकून मोकळी झाली. मी अस्सा चिडलो होतो! मी तेव्हाही समोरच्या टीमकडून बसलेलो होतो. ज्या क्लबांकडे स्वतःचा स्कोअरर नसतो, त्यांच्याकडे संघटना मला पाठवते. आज इकडचा, उद्या तिकडचा. त्यामुळे वहिनीच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा माझीच.

आम्हा दोघांचा आकडा दर ओव्हरला जुळावा लागतो. तिने एक्केचाळीस म्हटलं आणि माझे बेचाळीस असले, तर तिथेच भांडण मिटवायचं. पण एक गोष्ट जुळवून बघायला कोणी नसतं. चेंडू कुठल्या दिशेला गेला, ते.

ते काम एकट्या वहिनीचं. तिच्याकडे टॅब असतो, त्यावर एक गोल. गोलाच्या मध्यावर बॅट्समन. त्याने धाव काढली, की चेंडू जिथे गेला तिथे बोट टेकवायचं, मधून तिथपर्यंत रेघ उमटते. एकेरी धाव राखाडी, दोन निळ्या, चौकार लाल. डाव संपेपर्यंत त्या गोलाचं बैलगाडीचं चाक होतं, आणि इंग्रजीतही त्याला गाडीचं चाकच म्हणतात. गोम एकच. दर ओव्हरला गोलंदाजीचं टोक बदलतं, म्हणजे बॅट्समनचं तोंडही फिरतं. आपण बसलोय तिथेच बसतो, पण आपल्या डोक्यात मैदान फिरवावं लागतं. ते विसरलं की उजवीकडची रेघ डावीकडे जाते. वहिनी ओव्हर संपली की टॅब उलटा धरते, हात फिरला की डोकंही फिरतं म्हणे.

शिवाय दुसरं चित्र. एकेका ओव्हरमध्ये टीमच्या किती धावा झाल्या, त्याचे खांब. सात धावांचा खांब उंच, दोनाचा ठेंगणा. विकेट पडली की त्या खांबाच्या डोक्यावर एक ठिपका. चाक सांगतं धावा कुठे झाल्या, खांब सांगतात कधी झाल्या आणि कधी आटल्या. कोणामुळे आटल्या, ते मात्र खांब सांगत नाहीत. त्यासाठी त्या ओव्हरचे चेंडू कोण खेळलं, ते बघावं लागतं. लोक एवढा त्रास घेत नाहीत. खांब बुटका दिसला की समोर उभ्या असलेल्या कुणालाही शिव्या घालतात.

आता कॅप्टन. वय त्रेचाळीस, सलामीला येतो. गेली कित्येक वर्षं त्याचा कव्हर ड्राइव्ह बघायला लोक थांबायचे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं तोंड ज्या बाजूला असतं ती ऑफ साइड, पाठ असते ती लेग. ऑफला, जरा पुढच्या अंगाला कव्हर. तिथे मारायचं तर पुढचा पाय लांब टाकून गुडघा वाकवावा लागतो. गेल्या मोसमातल्या त्याच्या चाकात कव्हरच्या दिशेला खराट्यासारखा जुडगा होता.

या वर्षी सेमीफायनलला त्याने अठ्ठेचाळीस केले. पोरांनी खांद्यावर घेतलं. मी वहिनीकडे बघितलं, तर ती टॅबकडे बघत बसलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने टॅब माझ्याकडे सरकवला. चाकाची एक बाजू दाट, सगळी पाठीमागची, लेगची. दुसऱ्या बाजूला मागे सरून कापलेल्या दोन-तीन राखाडी रेघा, आणि कव्हरच्या जागी पांढरं स्वच्छ. मग तिने खांब दाखवले. पहिल्या सहा ओव्हरी बऱ्या, वेगवान गोलंदाज अंगावर टाकत होते आणि कॅप्टन लेगला ढकलत होता. सातव्यापासून दोन्ही टोकांनी संथ गोलंदाज ऑफ स्टंपबाहेर पुढे, म्हणजे पाय लांब टाकूनच मारता येतील असे चेंडू टाकायला लागले. चार, तीन, पाच, दोन, चार, तीन. सहा बुटके खांब. सहाव्याच्या डोक्यावर ठिपका, म्हणजे कॅप्टन आऊट. तिथून पुढे खांब वाढत गेले आणि मॅच जिंकली.

"गुडघा," वहिनी म्हणाली. "घरात जिना एकेक पायरी चढतात. विचारलं तर म्हणतात बूट चावतो. चपलेतसुद्धा बूट चावतो त्यांना!"

तेवढ्यात कॅप्टन स्वतः आला, तीन चहा घेऊन. हा माणूस एरवी स्वतःचा चहासुद्धा दुसऱ्याला आणायला लावतो. मी समजायचं ते समजलो.

आमच्या लीगचा नियम असा, की मॅच संपल्यावर चाक आणि खांब दोन्ही ग्रुपवर टाकायचे. फायनलची दुसरी टीम ते बघणार, हे उघड होतं.

"अगं, टाकलंस का?" त्याने विचारलं.

"टाकायचंय."

तो वाकून बघायला लागला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला, "चार रेघा कव्हरला वळव. चारच. धावा तेवढ्याच राहतात, कुणाचं काही जात नाही. तिथे एक फील्डर जरी उभा राहिला ना, तरी लेगला मला जागा मिळेल."

"कुठल्या चार?"

"कुठल्याही गं."

"कव्हरला एकही गेला नाही हो. मी न बघितलेली रेघ कशी काढू?"

"फायनल आहे," तो म्हणाला. "माझी शेवटची असेल कदाचित. सगळ्यांसमोर माझं हसं करायचंय का तुला?"

मी चहात बघत होतो. रेघेवर बोट ठेवून सरकवली की सरकते, एवढं सोपं काम. मला ऐकू आलं होतं, पण पडताळायला माझ्या कागदावर दिशा नसतेच. वहिनीचं बोट टॅबवर होतं. मग तिने ते उचललं आणि चित्रं होती तशी ग्रुपवर टाकून दिली. कॅप्टन म्हणाला, "बाहेर दोन अंपायर होतेच, तिसरा घरात पाळलाय मी," आणि कप तिथेच ठेवून गेला. कप अर्थात मलाच उचलावे लागले.

"त्यांचं खेळणं माझ्यामुळे सुटलं तर मला सहन नाही होणार, भाऊ," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण खोटी रेघ काढली असती, तर पुढच्या वेळी खऱ्या रेघेवरही माझाच विश्वास बसला नसता." मी आकडे पुन्हा एकदा तपासले, जुळले.

फायनलला मी समोरच्यांकडून बसलो. त्यांचे एकशे अडतीस झाले. कॅप्टन खेळायला आला आणि मैदानाकडे बघून मला सगळं कळलं. लेगला पाच जण, नियमात बसतात तेवढे. कव्हर रिकामं, अगदी आमंत्रण दिल्यासारखं. आणि दुसऱ्याच ओव्हरला संथ गोलंदाज, ऑफ स्टंपबाहेर, पुढे. गृहपाठ केला होता लेकांनी.

कॅप्टन एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेकडे बघायचा, पाय टाकायचा, आणि पाय अर्ध्यावर थांबायचा. चेंडू बॅटला चाटून जायचा किंवा जायचाच नाही. समोरचा पोरगा एक धाव काढून स्ट्राइक द्यायचा आणि कॅप्टन ती ओव्हर खाऊन टाकायचा. पहिल्या चार ओव्हरी ओढूनताणून बावीस झाल्या. मग दोन. मग एक. मग दोन. बाजूला बसलेली पोरं आधी ओरडत होती, ती आता पॅडचे पट्टे सोडून पुन्हा बांधायला लागली. वहिनी वहीत ठिपक्यामागून ठिपका टाकत होती. वहीतला ठिपका म्हणजे बिनधावेचा चेंडू. एकदाही तिने मान वर केली नाही.

सातवी ओव्हर संपली. कॅप्टन अंपायरकडे गेला. दोघं काहीतरी बोलले. नियम असा, की बॅट्समन दुखापतीने बाहेर गेला तर नॉट आऊट, उगाच स्वतःहून गेला तर आऊट. अंपायरने ते विचारलं असणार, कारण कॅप्टन आमच्या टेबलाकडे बघत थोडा वेळ नुसता उभा राहिला. आऊट म्हणाला असता तर गुडघ्याची गोष्ट झाकली गेली असती, "टीमसाठी बाहेर आलो" म्हणून मिरवताही आलं असतं. मग तो इतक्या मोठ्याने बोलला, की सीमारेषेवरच्यालाही ऐकू गेलं.

"गुडघा! वाकत नाही. सहा महिने झाले."

अंपायरने आमच्याकडे वळून सांगितलं, "रिटायर्ड, नॉट आऊट." वहिनीने हात वर करून पोच दिली. दर इशाऱ्याला देते तशीच, कोपर सरळ ठेवून. मग तिने लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आलं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय.

कॅप्टन लंगडत बाहेर आला. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे चांगलाच लंगडला. त्याच्या जागी गेलेल्या पोराने पहिलाच चेंडू रिकाम्या कव्हरला हाणला. खांब वाढायला लागले. आठ, नऊ, सात, अकरा. शेवटच्या ओव्हरपर्यंत आशा होती. एकशे तेहेतीसला थांबले, पाच धावांनी हरले.

बक्षीस समारंभ झाला, माणसं पांगली. वहिनी टेबलाशीच बसून ग्रुपवर टाकायची चित्रं तपासत होती. कॅप्टन आला, खुर्ची ओढून पाय सरळ करून बसला. टॅब स्वतःकडे घेतला. चाक बघितलंच नाही, खांब बघितले. सातव्या खांबाच्या डोक्यावर ठिपका नव्हता, विकेट पडलेली नव्हती ना. कुणी परकं माणूस बघेल तर त्याला कळणारही नाही, की धावा अचानक का वाढल्या.

कॅप्टनने एका खांबावर बोट ठेवलं, मग शेजारच्यावर.

"या दोन ओव्हरी माझ्यामुळे गेल्या," तो म्हणाला. "दोन ओव्हरी आधी उठलो असतो तर जिंकलो असतो."

वहिनीने चष्मा वर केला, त्याच्याकडे बघितलं. माणूस थकलेला, हरलेला, पहिल्यांदाच सरळ बोलत होता. मला वाटलं, आता तरी ती म्हणेल, जाऊ दे हो.

"तीन," ती म्हणाली आणि त्याचं बोट धरून शेजारच्या खांबावर नेलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. तिसरा खांब नीट बघितला आणि मान डोलावली. तिने त्याचं बोट मात्र सोडलं नाही.