सहदेवच्या बिलासाठी छायाने लिहिलेला मेल

छाया खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. भिसेगावची बाई, पदर खोचून भांडेल. पण इंग्रजी मेल लिहायचा म्हटला की तिला घाम फुटतो.

सहदेवच्या दोन मिनीबस कर्जतहून आमचे कामगार आणतात. त्याचं बिल पास झालेलं, मुदतही उलटलेली. पण पैसे सोडतं मुंबईचं हेड ऑफिस, तेही फक्त बुधवारी, आणि त्या आठवड्याच्या यादीत नाव असेल तरच. सहदेवच्या बायकोचं, बायजाचं, शुक्रवारी पोटाचं ऑपरेशन होतं. डिपॉझिट भरल्याशिवाय पनवेलचं हॉस्पिटल तिला दाखल करून घेईना.

छायाने हेड ऑफिसच्या ओमकार सरांना मेल टाकला. बिल नंबर, रक्कम, शुक्रवारच्या आत पैसे हवेत हे आणि कारण: पत्नीचं ऑपरेशन. सरांचं उत्तर लगेच आलं. घरगुती कारणावर कुणालाही पुढे घेता येत नाही, कंपनीचं काय नुकसान होईल ते लिहा.

बायकोचा जीव हे कारण नव्हे! आमच्याकडे ही रीतच आहे, आणि मला तिची चीड येते.

छायाने मग रीतीप्रमाणे लिहिलं. बुधवारी पैसे न दिल्यास सोमवारपासून बस बंद पडतील, कामगार येणार नाहीत, उत्पादन थांबेल. असं सहदेव कधीच बोलला नव्हता. सगळेच असं लिहितात, म्हणून तिनेही लिहिलं. बसचे ठेके पाहणाऱ्या अ‍ॅडमिनच्या साहेबांनाही प्रत गेली.

बुधवारी पैसे सुटले. बायजाचं ऑपरेशन झालं. छायाने आम्हाला वडापाव खिलवला.

पुढच्या आठवड्यात सहदेवला नोटीस मिळाली. महिनाभरात काम बंद, पनवेलचा दुसरा ठेकेदार येणार. बस थांबवायची धमकी देणारा माणूस नको, असं अ‍ॅडमिनच्या साहेबांचं म्हणणं.

सहदेव नोटीस घेऊन थेट छायाच्या टेबलाशी आला.

"ताई, मी धमकी दिली म्हनतात. कोन बोललं असं? पावसात दरड पडली तवापन मी गाडी उभी नाय केली. दोन्ही गाड्यांचे हप्ते हायेत माज्यावर."

छायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"तुमच्या एका मेलनं बायजा वाचली," तो हात जोडून म्हणाला. "आनखी एक टाका ना ताई. सहदेव गाडी बंद करनारा मानूस नाय, तेवढंच लिवा. तुमचं ऐकतात ते."

"लिहिते," छाया म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला, ती लिहीपर्यंत. आणि तिला पहिली ओळच सुचेना.