रोज्यात मागितलेली इव्हिनिंग

गिरिजाबाईंच्या वॉर्डातून चादर कधी हरवत नसे, कारण ती हरवायच्या आधीच कोणावर तरी संशय घेतला जाई. भोकरदन तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बाई इन्चार्ज सिस्टर होत्या. रुग्णालयाचं नाव काय करायचंय, कामाशी मतलब. कापसाची गुंडाळी हातात घेऊन ती जरा हलकी लागली की बाई विचारायच्या, "घरी कोणाचा कान फुटलाय?" मावशीने चहा आणला की आधी वास, मग चव. बाईंना कामात कोणी नाव ठेवलं नाही, पण बाईंच्या तोंडावर कोणी मन मोकळंही केलं नाही. बाईंना त्याचं काही वाटत नसे. दवाखाना म्हणजे सासर नाही की माहेर नाही, असं त्यांचं म्हणणं.

नवरा तातेराव शाळेत गुरुजी होते. ते गेले तेव्हा प्रितम कॉलेजात होता. बाईंनी नाईट करकरून त्याला डी. फार्मसी शिकवलं आणि रुग्णालयाच्या गेटासमोर मेडिकल टाकून दिलं. सगळ्या जगात बाईंचा भरवसा होता तो या एका माणसावर. तसा तो ठेवण्यासारखाही होता. आईला घ्यायला मोटारसायकल घेऊन यायचा, संपलेले ग्लोव्हज आणून द्यायचा, आणि महिन्याच्या शेवटी बाईंनी कागदावर आखलेला ड्युटीचा तक्ता दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप करून छापून द्यायचा. तक्ता टाइप करता करता कधी सुचवायचाही. "साक्षी सिस्टर सडी माणूस हाये आई, तिला इव्हिनिंग लाव. लेकराबाळाच्या बायांना सकाळ दे." बाईंना पोराच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटायचं. साक्षीला मग महिनाभर दुपारी दोन ते रात्री आठ.

तर रमजान लागला, आणि पहिल्याच आठवड्यात बाईंच्या टेबलावर एक अर्ज आला.

"प्रति, मा. प्रभारी अधिपरिचारिका. विषय : पाळी बदलून मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती की, बुधवार ते शनिवार माझी इव्हिनिंग (दु. २ ते रा. ८) व श्रीमती नाजिया यांची मॉर्निंग (स. ८ ते दु. २) आम्ही परस्पर संमतीने बदलून घेत आहोत. आम्ही दोघी एकाच वॉर्डात व एकाच पदावर असल्याने कामकाजास बाधा येणार नाही. कोणासही सलग दोन पाळ्या लागत नाहीत. कारण : घरगुती अडचण. तरी मंजुरी मिळावी." खाली साक्षीची सही, तिच्याशेजारी नाजियाची.

अर्जात खोट काढायला काही नव्हतं, आणि बाईंना तेच खटकलं. इतका गुळगुळीत अर्ज सरळ कामासाठी कोण लिहितं?

त्यात ही नाजिया. हसनाबादची. दरवर्षी रमजानच्या आधी मागं लागून मॉर्निंग मागून घेणारी. दोनला सुटायचं, जीप गाठायची, घरी जाऊन भजे तळायचे, सगळ्यांसोबत रोजा सोडायचा. तीच बाई ऐन रोज्यात आठ वाजेपर्यंतची पाळी मागते? बाईंनी चष्मा काढून पुसला. पाणी कुठंतरी मुरत होतं.

बाईंना वाटलं, गावात नवा खासगी दवाखाना निघालाय, त्याची ओपीडी सकाळची. नाजिया सकाळी तिथं उभी राहणार आणि संध्याकाळी इथं. सरकारी पगार इकडं, वरची कमाई तिकडून.

त्यांनी दोघींना वेगवेगळं बोलावलं. ही त्यांची जुनी रीत.

"अडचण कोणाची?" त्यांनी साक्षीला विचारलं.

केदारखेड्याची ही पोरगी, कंत्राटावरची, बोलताना नखं बघायची. "माझीच हाये मॅडम. घरी जरा काम निघालं."

"कोणतं?"

"घरचंच."

मग नाजिया आली. तिलाही तेच विचारलं.

"माझी मॅडम," नाजिया म्हणाली. "सासूची तब्येत बराबर न्हाई. सकाळी त्यांच्याजवळ थांबावं लागतं."

आता पाळी बदलताना एकीची गरज असते आणि दुसरी उपकार करते, एवढं तर लहान पोरालाही कळतं. इथं दोघी अडचण आपल्याच अंगावर ओढून घेत होत्या. बाईंची खात्री झाली. त्यांनी अर्जावर लाल पेनाने लिहिलं, "कारण असमाधानकारक. नामंजूर. तक्त्याप्रमाणे हजर राहावे." अर्ज परत घेताना साक्षीचा चेहरा उतरला. नाजिया तिच्या पाठीला हात लावून तिला बाहेर घेऊन गेली. बाईंनी तोही हात मनात टिपून ठेवला.

बुधवारी बाई चारला घरी निघाल्याचं सगळ्यांनी पाहिलं. गेटापर्यंत जाऊन त्या मागच्या दाराने परत आल्या आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन बसल्या. ही खोली वॉर्डाला लागूनच, मध्ये नुसता पडदा. या वयात चादरींच्या गठ्ठ्यावर चोरासारखं बसताना त्यांना लाज वाटली नाही असं नाही, पण चोर पकडायचा तर दबा धरावाच लागतो.

साक्षी इंजेक्शनं देत होती. आणि टेबलाजवळच्या स्टुलावर नाजिया बसलेली होती. तिची ड्युटी दोनलाच संपली होती. अंगात युनिफॉर्म नाही, खांद्यावर पर्स, मांडीवर खजुराची स्टीलची डबी. घरी रोजा सोडायला जायचं टाकून ही इथं बिनपगारी बसली होती. बाईंनी पडद्याची फट जरा मोठी केली. औषधं बाहेर जाणार आणि ती नेणारा आता येणार, याविषयी त्यांना शंका उरली नाही.

सहा वाजून गेल्यावर बाहेर मोटारसायकल थांबली. तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. त्यांना आधी वाटलं, प्रितम आपल्यालाच न्यायला आला. मग आठवलं, आपण घरी गेलो असं त्यालाही वाटतंय.

प्रितम ग्लोव्हजचा डबा घेऊन आत आला. डबा त्याने टेबलावर ठेवला आणि साक्षीसमोर जाऊन उभा राहिला.

"फोन काऊन उचलत न्हाई?"

साक्षी ट्रे घेऊन बाजूने जायला लागली. तो त्या बाजूला सरकला.

"इतक्या वेळा केला. आं? मी काय भीक मागून राह्यलो का? मार्च संपला की तुझ्या कंत्राटाचं रिन्यूवल हाये. आईच्या शेऱ्यावर हाये सगळं. अन् आई माझ्या शब्दाबाहेर न्हाई. इव्हिनिंग कोणी लावली तुला, माहीत हाये ना?"

"प्रितमभाऊ," नाजिया स्टुलावरून उठली. "डबा दिला. आता निघा."

"तुमची ड्युटी दोनला संपली ना? रोजा हाये, घरी जा जल्दी. रोज काय पहारा द्यायला बसता का?"

"हौ. रोज बसते."

पडद्यामागे बाईंच्या हातातली चादर कधी खाली पडली ते त्यांना कळलं नाही. हा आपला प्रितमच, याच्यासाठी आपण रात्री जागवल्या, आणि हा आपलीच सही त्या पोरीच्या गळ्याला लावून उभा आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो वळसा बाईंनी जन्मभर घातला होता.

बाई पडदा सारून बाहेर आल्या.

प्रितम मागे सरला. "आई, तू गेल्ती ना घरी?"

"गेल्ते," बाई म्हणाल्या. "डबा उचल."

"ऐकून तर घे. हिनंच मला..."

"मी ऐकलं. डबा उचल अन् बाहेर हो. या वॉर्डात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

तो गेला. पेशंट उशीवरून माना उचलून बघत होते. साक्षी ट्रे तसाच धरून उभी होती. बाईंनी तिच्या हातातून तो घेऊन खाली ठेवला.

"मला काऊन न्हाई सांगितलं?"

नाजियाच बोलली. "काय सांगावं मॅडम? तुम्ही कापूस कमी झाला तरी आमच्याच पर्सा बघता. प्रितमभाऊचं नाव घेतलं असतं तर तुम्ही हिलाच विचारलं असतं, तूच काय केलं म्हणून. मंग आम्ही म्हटलं, पाळीच बदलून घेऊ. मला कोणी काही बोलत न्हाई."

ते खरं होतं. त्यांनी तसंच विचारलं असतं.

तेवढ्यात मशिदीतून अजान झाली. नाजियाने डबीकडं पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी फिल्टरखालचा ग्लास भरून तिच्या हातात दिला. "रोजा सोड आधी." नाजियाने खजूर तोंडात टाकला, एक साक्षीच्या हातावर ठेवला आणि जरा थांबून एक बाईंसमोर धरला. बाईंनी घेतला.

घरी प्रितमने दार उघडं ठेवलं होतं आणि ताट वाढलं होतं. तो खूप बोलला, मग रडला. बाईंना त्याची दया येत होती आणि त्या दयेचीच भीती वाटत होती. त्या जेवल्या नाहीत. "उद्या मी अधीक्षक साहेबांपुढं जे ऐकलं ते सांगणार हाये," एवढंच म्हणाल्या. तो म्हणाला, "आई, दुकान बसंल माझं." "बसू दे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी साक्षीची ड्युटी दोनची, तरी ती नाजियासोबत सकाळीच आली. बाईंनी दोघींना टेबलाजवळ बसवलं. नाजिया म्हणाली, "मॅडम, तो अर्ज तेवढा मंजूर करा, बस. बात मिटंल."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमची पाळी काऊन बदलायची? तू दोनला घरी जायचं, तुझ्या लोकांत बसून रोजा सोडायचा. अन् हिनं जी पाळी असंल ती निर्धास्त करायची. तक्ता आजपासून मी हातानं लिहून लावते." मग त्यांनी साक्षीपुढं कोरा कागद सरकवला. "अधीक्षक साहेबांच्या नावानं तक्रार लिही. फोन, धमकी, सगळं. पोराचं नाव लिही, आडनावासकट. साक्षीदार म्हणून माझं."

साक्षीने लिहिलं. वेळ लागला, पण पुरतं लिहिलं. लिहून झाल्यावर बाईंनी सवयीने हात पुढं केला. "आण, मी नेऊन देते साहेबांकडं."

साक्षीने कागद दिला नाही. छातीशी धरला आणि बाईंच्या तोंडाकडं पाहत राहिली. ही आई आहे, दारापर्यंत जाईतो हिचं मन बदललं तर, कागद वाटेतच राहिला तर. त्या नजरेत हे सगळं होतं, आणि बाईंना ते वाचायला क्षणही लागला नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडं याच नजरेने पाहिलं होतं. आपल्यावर ती पडली की कुठं लागते, हे त्यांना आज कळलं.

"मीच नेते मॅडम," साक्षी हळू आवाजात म्हणाली.

"बराबर हाये," बाई म्हणाल्या. "तूच ने. मी मागून येते."

साक्षी व्हरांड्यातून निघाली. साहेबांच्या दाराशी पोचल्यावर आत जायच्या आधी तिने मागे वळून पाहिलं, बाई खरंच येतायत का ते. बाई येत होत्या.