अठ्ठावीस वर्षांची साडेचौदा

"हिला आकडेमोड जमत नाही रे निषाद, ही भावनेवर चालते," शरद हसत म्हणाला, आणि चारुशीलाच्या हातातला चहाचा ट्रे टीपॉयवर जरा जोरातच आदळला.

महाडमधल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारची सकाळ होती. शरद तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवायचा. निषाद त्याचा जुना वर्गमित्र. आता तो म्युच्युअल फंडांचा एजंट होता आणि लॅपटॉप उघडून सोफ्यावर बसला होता. ज्या पाच लाखांची चर्चा चालली होती, ते चारुशीलाचे होते. ती पोलादपूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक. पदोन्नतीनंतर तिची वेतननिश्चिती कार्यालयात इतकी वर्षं रखडली होती की अखेर थकबाकी एकरकमी मिळाली. पैसे खात्यात जमा झाल्याला आठवडा झाला नव्हता आणि घरात त्यांची वाटणी सुरू झाली होती. तिला फक्त चहा करायला सांगितलं होतं.

"वहिनी, साधं गणित आहे," निषाद समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमचं गृहकर्ज नऊ-सव्वानऊ टक्क्यांनी चाललंय. चांगला इक्विटी फंड लांबच्या पल्ल्यात बारा टक्के देतो. मग स्वस्त कर्ज फेडून महाग संधी का घालवायची? शिवाय व्याजावर करसवलत मिळते ती वेगळीच."

"करसवलत म्हणजे शंभर रुपये व्याज भरायचं आणि वीस वाचले म्हणून आनंद मानायचा," ती म्हणाली. "आणि भावजी, बँक नऊ टक्के घेणार हे नक्की. तुमचे बारा टक्के नक्की आहेत का?"

"नक्की कोण देणार? पण दहा-पंधरा वर्षांचा इतिहास बघा ना."

"तुम्हाला यात किती मिळतात?"

निषाद जरा वरमला. "फंड कंपनी देते, वहिनी. गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला टक्क्याच्या आसपास. तुमच्या खिशातून काही नाही."

"फंडातूनच जाणार ना? मग फंडात कोणाचे पैसे आहेत?"

"चारू!" शरदचा आवाज चढला. "माणूस घरी आलाय आपल्या भल्यासाठी."

तेव्हा तिचा तोल गेला. तीन वर्षं जिभेवर येऊन परत गेलेलं वाक्य तिने बाहेर काढलं. "भल्याचं बोलताय? २०२० च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा तुमचे सगळे फंड कोणी विकले? मला न विचारता, घाबरून, तळाला? मला कळलं वर्षाने. बाजार देत असेल बारा टक्के, पण थांबणाऱ्याला देतो. तुम्ही थांबला होतात?"

शरद गोरामोरा झाला. निषादने लॅपटॉप मिटला, चहा अर्धा तसाच ठेवला आणि निघाला. दार लागल्यावर शरद एवढंच म्हणाला, "मित्रासमोर माझी लाज काढलीस." तिला वाटलं, विचारावं, मघाशी माझी काय काढली होती? पण आतल्या खोलीत त्यांची मुलगी चैत्राली दहावीचा अभ्यास करत होती, म्हणून ती गप्प बसली.

त्या कर्जाबद्दल चारुशीलाच्या मनात एक अढी होती, आणि ती उगाच नव्हती. आधी ते तळमजल्यावर भाड्याने राहत. २०२१ च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी घराच्या माळ्याला लागलं. चैत्रालीला घेऊन तिघांनी गच्चीवर रात्र काढली होती. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, फुगलेली कपाटं, आणि सहन होणार नाही असा वास. त्याच आठवड्यात तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला होता. चारुशीलाला घरातला चिखल टाकून ड्युटीवर जावं लागलं, कारण पुरात मेलेल्या गुरांची विल्हेवाट लावणं हे तिच्या खात्याचं काम. दहा दिवस ती तेच करत होती. परत आली ती एकच गोष्ट ठरवून: आता उंचावर आणि स्वतःचं. म्हणून पुढच्या वर्षी वीस लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज दोघांच्या नावावर घेतलं. तेव्हा व्याज सात टक्क्यांच्याही खाली होतं. पुढे दर चढत गेले. हप्ताही मध्ये सात-आठशे रुपयांनी वाढला. तो तिच्या पगारातून जायचा; शरदच्या पगारातून घरखर्च आणि चैत्रालीचे क्लास.

सोमवारी ती चिडलेलीच कामावर गेली. त्या दिवशी घाटाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर लसीकरण होतं. केरू नावाच्या धनगराने म्हशीचं आजारी पारडू तिच्यापुढे आणलं. ते चार दिवस खात नव्हतं.

"चार दिवस काय झोपला होतास? फोन करता येत नाही?" ती त्याच्यावर खेकसली.

"रेंज नाय मॅडम हितं," केरू खाली मान घालून म्हणाला.

त्याची बायको बायजा पारड्याची मान धरून उभी होती. ती म्हणाली, "तुमचा राग पारड्यावरचा नाय वाटत गो बाय. घरून आणलाव."

चारुशीलाने सिरिंज भरली. इंजेक्शन दिलं, औषध कसं पाजायचं ते दोनदा समजावलं, आणि उतरताना केरूला म्हणाली, "मी उगीच ओरडले." तो ओशाळून हसला. पण खाली येईपर्यंत तिने ठरवलं होतं की उद्या अर्धा दिवस रजा टाकायची आणि बँकेत जायचं. नवऱ्याचं गणित खरं की आपलं, ते कर्ज किती उरलंय हे कळल्याशिवाय ठरणार कसं?

बँकेत कर्ज विभागाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता. त्याने आधी विचारलं, "सर नाही आले?"

"कर्जावर माझं नाव आहे. हप्ता माझ्या खात्यातून जातो. किती बाकी आहे आणि किती वर्षं, एवढं सांगा."

त्याने स्क्रीनवर पाहिलं. "बाकी साडेएकोणीस लाखांच्या वर आहे. मुदत अठ्ठावीस वर्षं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अठरा."

"अठ्ठावीस, मॅडम. व्याजदर वाढले ना? जुन्या हप्त्यात नुसतं व्याजही जेमतेम भागत होतं. मग सिस्टीमने मुदत तीस वर्षांवर नेली आणि हप्ता थोडासाच वाढवला. तुमच्यावर भार पडू नये म्हणून."

"दोन वर्षांत मी पावणेचार लाखांच्या आसपास भरलेत."

"हो, पण बहुतेक व्याजात गेलेत. मुद्दल चाळीस-पंचेचाळीस हजारांनी कमी झालंय."

तिचे कान तापले. "मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होते. हे कर्ज माझ्या सत्तरीपर्यंत नेलंत तुम्ही. मला विचारलंत?"

"मेसेज गेला असेल. आता नियम आलाय, ग्राहकाला पर्याय द्यावा लागतो. हप्ता वाढवायचा की मुदत, की थोडे पैसे आधी भरायचे. तेव्हा तसं नव्हतं."

"तेव्हा विचारायची अक्कलही नव्हती का?"

आजूबाजूची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. अधिकारी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पैसे पडून असतील तर आमच्याकडे एक विम्याचा छान प्लॅन आहे." त्यावर ती अशी हसली की त्याने पत्रक परत खणात घातलं.

तिने विचारून घेतलं. कर्ज बदलत्या दराचं असल्यामुळे आधी पैसे भरण्यावर दंड नव्हता. आज चार लाख भरले आणि हप्ता आहे तोच ठेवला, तर अठ्ठावीस वर्षांची साडेचौदा होत होती. म्हणजे ती नोकरीत असतानाच कर्ज फिटत होतं.

संध्याकाळी तिने हे शरदला सांगितलं. मुदत वाढल्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्याने हट्ट सोडला नाही. "तरीही गणिताने बघशील तर फंड सरस ठरू शकतो. तू कागदावरची वर्षं बघून घाबरलीयस."

"ठरू शकतो. मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण त्यासाठी बाजार निम्मा झाला तरी हात न लावणारा माणूस लागतो. या घरात तो माणूस तुम्ही नाही, आणि खरं सांगू, मीही नाही. माझ्या पेन्शनमधून हप्ता गेलेला मला नकोय. चार लाख भरणार. एक लाख बँकेत ठेव म्हणून राहील. परत पाणी आलं तर कोणापुढे हात पसरायला नको."

"म्हणजे ठरवूनच आलीस. मला विचारायचं नाही?"

"रविवारी तुम्ही मला विचारलं होतं?"

तो उठून गच्चीत गेला. जेवायला आला नाही.

तिने दुसऱ्या दिवशी पैसे भरले. संतापाची आणखी एक वेळ मात्र यायची होती. आठवड्याने मोबाइलवर मेसेज आला की आपला मासिक हप्ता कमी झाला आहे. आनंदाची बातमी द्यावी तसा मेसेज. म्हणजे मुदत होती तिथेच, सत्तरीपर्यंत! मुदत कमी करा, असं तिने तोंडाने दोनदा सांगितलं होतं. ती पोलादपूरहून एसटीने थेट बँकेत गेली आणि त्या तरुण अधिकाऱ्याच्या टेबलापुढे उभी राहिली.

"मॅडम, बहुतेक लोकांना कमी हप्ता आवडतो."

"मी बहुतेक लोक नाही. मला कागद द्या."

तिने उभ्याउभ्या अर्ज लिहिला, पोच घेतली, आणि बदल स्क्रीनवर दिसेपर्यंत खुर्चीत बसली नाही. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले, तेव्हा त्यांनाही तिने तेच सांगितलं, तितक्याच मोठ्याने. महाडसारख्या गावात ही गोष्ट कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शरदला कोणीतरी म्हणालं, "वहिनींनी बँक हलवली म्हणे." तो घरी येऊन धुसफुसला.

त्या वर्षी बाजार चढत राहिला. गणपतीनंतर शरदने मोबाइल तिच्यापुढे धरला. "बघ. तुझ्या चार लाखांचे पावणेपाच झाले असते."

"झाले असते," तिने कबूल केलं. तिला ते टोचलंच. ती काही देवी नव्हती. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत बाजाराने त्यातलं बरंचसं परत घेतलं, तेव्हा शरदने मोबाइल दाखवला नाही. सुनवावं असं तिच्या फार मनात आलं, आणि एकदा भाजी चिरताना तिने सुनवलंही.

चैत्राली अकरावीला गेल्यापासून चारुशीलाने तिच्या नावाने दरमहा दोन हजारांची एसआयपी सुरू केली आहे, एजंटशिवाय, थेट फंड कंपनीकडे. शरदला ते चैत्रालीकडून कळलं.

"शेवटी आलीस ना बाजारात?" तो म्हणाला.

"माझ्या पैशांनी, मला विचारून," ती म्हणाली.

त्या दोघांमधलं अजून सगळं सुरळीत झालेलं नाही. निषाद घरी येत नाही. शरद त्याला बाहेरच भेटतो. पण परवा शरदच्या पगारातला फरक आला, लाखभराचा. तो दोन दिवस घुटमळला. मग सकाळी ती चपला घालत असताना दारात येऊन, भिंतीकडे बघत म्हणाला, "चारू, थोडे पैसे आलेत. काय करूया?"

तिला एसटी गाठायची होती. "संध्याकाळी बसून बोलू," ती म्हणाली. "दोघं."