कृष्णेच्या पुलावरून भुरीला नेताना

कुंडलमध्ये राहीबाईंचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांचे यजमान आप्पासो फौजेतून हवालदार होऊन परतले आणि दोन वर्षांपूर्वी गेले. मागे राहिल्या राहीबाई, दोन एकर ऊस, आणि भुरी. भुरी म्हणजे त्यांची मांजर, राखेच्या रंगाची आणि सावलीला घाबरणारी. भांडं पडलं की ती फडताळावर चढायची आणि संध्याकाळपर्यंत उतरायची नाही.

या वर्षी राहीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी संप केला. बेंगळुरूला नोकरी करणारी लेक साक्षी हट्टालाच पेटली की आता एकटीनं राहायचं नाही. राहीबाई कबूल झाल्या, पण एका अटीवर. "भुरी येनार आसंल तर मी येते. वाटंत तिला काय झालं, तर गाडी हाय तिथनं मागं फिरवायची आन् मला हितंच मरू द्यायचं." बाई बोलल्या की तसंच करतात, हे साक्षीला माहीत होतं. तिनं मला फोन केला, काकू, तेवढं मांजराचं बघाल का?

आधी रेल्वेचा विचार झाला. पण मांजर आपल्याजवळ ठेवायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यायचा, नाहीतर तिला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत एकटं पाठवायचं. राहीबाईंनी ते ऐकूनच कानाला हात लावले. मग गावातल्या शमशेरची गाडी ठरली. शमशेर मुजावर, आप्पासोंच्या मर्जीतला. दवाखाना असो की कारखान्याची मीटिंग, त्यांना नेणं-आणणं त्याच्याकडेच असायचं.

पलूसच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वरून आणि समोरून दोन्हीकडून उघडणारा प्लास्टिकचा पिंजरा घ्यायला सांगितला आणि निदान सहा आठवडे हातात ठेवा म्हणाल्या. राहीबाई त्याला बुट्टी म्हणत. आम्ही घाई केली नाही. पहिल्या आठवड्यात झाकण आणि दार काढून नुसता खालचा भाग भुरीच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवला. आत राहीबाईंचं न धुतलेलं जुनं लुगडं, त्यावर चिमूटभर सुकट. भुरी चार दिवस लांबून बघत राहिली. पाचव्या दिवशी मान लांब करून तेवढी सुकट उचलली. दुसऱ्या आठवड्यात आत बसून खाऊ लागली. मग झाकण चढवलं, मग दार लावलं, पण ते दहा आकडे मोजून लगेच उघडायचं. मग दार लावून उचलायचं, अंगणात एक फेरी. मग शमशेरच्या बंद गाडीत बसवायचं, इंजिन सुरू न करता. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस पलूसपर्यंत जाऊन आलो, तर भुरी आत पंजे दुमडून बसलेली. माझी पोरगी वर्गात पहिली आल्यासारखं मला झालं.

आणि सहाव्या आठवड्यात सगळं उलटलं.

सोमवारी सकाळी मी गेले तर भुरी बुट्टीपासून सहा हातांवर उभी. पाठीची कमान, शेपूट फुगलेली, नजर आतल्या अंधारावर. फिस्कारत नव्हती. नुसती बघत होती, जसं आत कोणी बसलंय आणि ते हललं तर पळायचं. मी आत हात घालून बघितला. वाकळीचा मऊ तुकडा, बाकी काही नाही. लुगड्याच्या जागी राहीबाईंनी प्रवासासाठी म्हणून नवी छोटी वाकळ शिवून घातली होती, आपल्याकडं शिवतात तशी, घरातल्या जुन्या कपड्यांचे थर घालून. मला ती आवडलीच. ओळखीचा वास पाहिजे, हे मीच तर त्यांना सांगितलं होतं.

पुढचे चार दिवस तेच. सुकट, उकडलेलं चिकन, काही चालेना. रात्रभर बुट्टी त्या खोलीत असली की भुरी खोलीत पाऊल ठेवायची नाही. राहीबाई मात्र शांत होत्या. एकदा हळूच म्हणाल्या की तिला दिसत असणार. काय दिसत असणार, विचारलं तर आप्पासोंच्या खुर्चीकडं नजर गेली. आप्पासो गेल्यापासून भुरी त्या रिकाम्या खुर्चीला लांबून वळसा घालून जायची, हे मीही बघितलं होतं. राहीबाई म्हणायच्या, मुकं जनावर, पण मालकाचा मान ठेवतं. अंगावर काटा यायचा, पण बाईंना त्याचा आधार वाटत होता, म्हणून मी कधी काही बोलले नाही.

निघायचा दिवस बदलता येणार नव्हता. साक्षीनं रजा टाकली होती. भुरीला भीती कमी होण्याची गोळी आधी एकदा घरी देऊन बघितली होती, ती डॉक्टरीणबाईंनी सांगितल्या मापात निघण्याआधी दोन तास दिली. रात्रीपासून खायला काही नव्हतं, पाणी तेवढं. पहाटे टॉवेलात गुंडाळून वरच्या झाकणातून आत ठेवली. बुट्टीवर चादर टाकली, मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधली. एका बाजूला राहीबाई, दुसऱ्या बाजूला मी. उजाडत होतं. उसावर धुकं बसलेलं.

ताकारीपर्यंत चादरीखालून आवाज नाही. श्वासाचाही नाही. मला ते बरं वाटेना. मांजर ओरडतं तोवर ठीक असतं.

मग कृष्णेचा पूल आला आणि राहीबाईंनी नेहमीच्या सवयीनं कमरेची पिशवी सोडली, एक नाणं काढलं आणि काच खाली केली. नदीला नाणं टाकल्याशिवाय आमच्याकडची बाई पूल ओलांडत नाही. मी अडवायच्या आत ओलसर, शेवाळी वारा गाडीत शिरला.

चादरीखालून जो आवाज आला, तो मी मांजराचा म्हणून कधी ऐकला नव्हता. तान्हं पोर विहिरीतून रडावं तसा. बुट्टी पट्ट्यासकट थरथरायला लागली. राहीबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला, तो धरून मी ओरडले, काच आधी वर घ्या. चादर उचलली. भुरी तोंड उघडून धापा टाकत होती, हनुवटीवरून लाळ, खाली ओलं. कुत्रं धापा टाकतं, मांजर टाकत नाही, टाकलं तर जीवावर बेतलंय समजायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिची नजर आमच्याकडं नव्हती. ती खालच्या वाकळीपासून अंग उचलून जाळीला लटकली होती. चारही पाय जाळीत. जणू खाली कोणी होतं.

"मागं फिरव," राहीबाई म्हणाल्या.

शमशेरनं गाडी फिरवली नाही. पूल संपल्यावर वडाखाली घेतली, इंजिन आणि एसी चालू ठेवला, चारी दारं कुलूपबंद केली. मग स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघतच बोलला.

"काकी, ह्या पुलावरनं ती एकदा गेलीया. माज्याच गाडीतनं."

राहीबाई पुढं वाकून त्याच्याकडं बघू लागल्या.

मग त्यानं थांबत थांबत सांगितलं. आप्पासोंच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. थंडीचे दिवस होते. भुरी दुधात तोंड घालते म्हणून त्यांनी तिला पोत्यात घातलं, या पुलापलीकडं उसात सोडून आले. काकींना सांगायचं नाही, असं शमशेरकडून कबूल करून घेतलं. पोत्याचं तोंड बांधायला सुतळी सापडेना, तेव्हा गळ्यातला मफलर सोडून बांधलं. गाडी पुलावर आली तेव्हा पोतं असंच रडत होतं.

राहीबाईंचा चेहरा पडला नाही. तो फक्त थांबला. मग त्यांनी बुट्टीकडं बोट केलं. "मफलर त्या वाकळंत हाय," त्या म्हणाल्या. "मदल्या थरात. मीच शिवला. म्हटलं, त्यांची बी सोबत हुईल वाटंला."

पुढचं मी बोलत नव्हते, हातच करत होते. वरचं झाकण चार बोटं उघडलं, टॉवेल आत सोडून भुरीला त्यात धरलं, दुसऱ्या हातानं ओली वाकळ ओढून काढली. जाडजूड, गरम. इतकी गरम की भुरीच्या अंगाची म्हणावी, तर पुलापासून भुरी तिला टेकलीसुद्धा नव्हती. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. वाकळीच्या जागी राहीबाईंनी अंगावरची शाल घातली. झाकण लावलं, चादर टाकली, आणि आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. चादरीखाली धाप हळूहळू कमी झाली. वीस मिनिटांनी एक साधं, चिडकं म्याव आलं. शमशेरनं डोळे पुसले.

राहीबाई अजून मांडीवर घेतलेल्या वाकळीकडं बघत होत्या. "मला हे म्हनालं, आपल्या पायानं गेली," त्या म्हणाल्या. "एकोनीस दिस मी दारात दूध ठेवत हुते, आन् हे खुर्चीत बसून बघत हुतं. ती आली, तवा पोटापातूर चिखल. त्या दिसापासनं ती त्यांच्या वाऱ्याला उभी ऱ्हात न्हवती. मी म्हनत बसले मान ठेवती."

मी विचारलं, मागं फिरायचं का?

त्यांनी वाकळीची घडी घातली, नीट, काठाला काठ लावून, आणि शमशेरच्या हातात दिली. "डिकीत टाक. माघारी ने. घराकडं बघाय कुनीतरी पायजेच की."

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही, तोच त्याचा मोठेपणा. दर दोन-अडीच तासांनी थांबायचं, काचा बंद, पट्टा घालून भुरीला वाळूचा ट्रे दाखवायचा, पाणी पुढं करायचं. हुबळीपुढं ती दोन घोट प्याली. अंधार पडता पडता साक्षीच्या दारात पोचलो. तिनं एक खोली रिकामी ठेवली होती. तिथं बुट्टीचं दार उघडलं आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर कधी यायचं, ते भुरीनं ठरवायचं. राहीबाई दाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी शमशेर आणि मी परत निघालो. रिकामी गाडी, मागं कोणी नाही. तरी दोघंही आरशात बघत नव्हतो. पूल आला तेव्हा त्यानं न सांगता सगळ्या काचा वर घेतल्या. डिकीतून एकदा काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बाटली असेल, तो म्हणाला. मी व्हय म्हटलं.

वाकळ मी राहीबाईंच्या घरात आणून ठेवली. ती डिकीतून काढली तेव्हा अजून ऊनच होती. दिवसभर डिकी तापलेली, दुसरं काय. कुलूप लावून घरी आले.

चौथ्या दिवशी राहीबाईंचा फोन. भुरी रात्री बाहेर आली, घरभर फिरली, कुठंही न अडखळता, आणि पहाटे त्यांच्या पोटावर येऊन झोपली. बोलताना मागून तिची घरघर ऐकू येत होती. मग बाईंचा आवाज जरा खाली आला.

"घराचं दार नीट लावलंस न्हवं?"

"लावलंय."

"किल्ली?"

"माझ्याकडंच आहे. साफसफाईला उघडू का आठवड्यानं?"



"नगं," त्या म्हणाल्या. "आता मी काय माघारी येत न्हाई. उगं कशाला त्यास्नी वाटायचं, कुनी आलं म्हनून."