अर्ध्या तोंडाले हळद, अर्ध्याले ट्यूब

तोंडाले रंग लावाचं माझ्याएवढं ज्ञान अख्ख्या झाडीपट्टीत कोनाले नाई. तो रंग उतरवाची अक्कल मात्र वीस वर्षांत आली नाई, अन् त्याच्याच पायी मी बायकोच्या गटाचं काम बुडवत होतो.

मी नाटकात हसवाचं काम करतो. दिवाळी झाली का वडसाच्या नाटक कंपनीसंगं गावोगाव, अन् पाऊस लागला का धानाच्या बांधीत. शाळा दुसरीतच सोडली. मास्तरलेच माझा कंटाळा आला, मले नाई.

आमच्या गावात बायकोचा बचत गट आहे, दहा बायांचा. त्यांनी चेहऱ्याले लावाचं उटणं बनवलं. मुलतानी माती, घरची कुटलेली हळद अन् बाजारातून आणलेली चंदनाची पावडर. वडसाले ब्युटी पार्लर चालवणारी एक बाई आहे, ती नवऱ्या मुली सजवते. बायको तिच्याकडे पुड्या घेऊन गेली. बाईनं वास घेतला, बोटावर चोळून पायलं अन् म्हणाली, घेईन, पण अशी नाई घेणार. माझ्याकडे कंपनीच्या फेसपॅकची ट्यूब आहे, तिच्यासंगं ताडून पाहू. एकाच माणसाच्या अर्ध्या चेहऱ्याले तुमचं, अर्ध्याले माझं, आठ दिवस. काई झालं नाई तं लगनाच्या हंगामात तुमचंच वापरीन.

आता चेहरा कोनाचा? एकीच्या घरी पोरीचं लगन होतं, ती नाई म्हणाली. दुसरीची सासू नाई म्हणाली. बाकीच्या खाली पाहत बसल्या. मंग साऱ्यायनं माझ्याकडे पायलं. बायको म्हणाली, यायच्या तोंडाचं अजून काय बिघडाचं राह्यलं? म्हणजे निवड झाली ती अशी.

पार्लरवाल्या बाईनं मले खुर्चीत बसवून नियम सांगतले. आधी दोन्ही गोष्टी कानामागं थोड्या लावून एक दिवस थांबाचं. खाज नाई, फोड नाई, तं मंगच चेहरा. एक दिवसाआड लावाचं, डाव्या गालाले उटणं, उजव्याले ट्यूब. पंधरा मिनिटं ठेवून, माती वाळून तडकाच्या आधी साध्या पाण्यानं धुवाचं. मी विचारलं, बाई, गोरा होईन का? ती म्हणाली, भाऊ, गोरं याच्यानं कोनी होत नाई, तेल कमी होते अन् चेहरा साफ वाटते, बस. अन् मंग बोट दाखवून म्हणाली, "तुमी नाटकवाले आहात म्हणून सांगते. रंग दोन्हीकडे सारखा लावा अन् सारखाच उतरवा. नाईतं कशानं काय झालं, समजणार नाई."

मी हौ म्हटलं. हौ म्हणण्यात मी लय हुशार आहो.

कानामागं काई झालं नाई. मंग पयल्या दिवशी चेहऱ्याले लावलं. धुतलं तं उजवा गाल जसाच्या तसा अन् डावा पिवळा. हळदीचा डाग, साबणानंही गेला नाई. त्या दिवशीच्या प्रयोगात मी नेहमीचा पातळ रंग लावून स्टेजवर आलो, अन् तोंडातून एक शब्द निघाच्या आधीच लोक हसाले लागले. आमची हिरोईन हळूच म्हणाली, भाऊ, तुमाले अर्ध्या तोंडाची कावीळ झाली का?

मले राग आला. लोक हसले याचा नाई, माझ्या वाक्याच्या आधी हसले याचा. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी डाव्या गालावर रंगाचा जाड थर द्याले लागलो, पिवळं दिसू नाई म्हणून. थर जाड तं निघाले वेळ. मंग मी खोबऱ्याचं तेल घ्याचो अन् जाड्याभरड्या गमछ्यानं डावा गाल असा घासाचो का करपलेल्या भाताचा गंजच घासून राह्यलो. उजव्या बाजूले मात्र हळूच दोन हात. नियम लक्षात होता, नाई असं नाई. मले वाटलं, एवढ्यानं काय होते.

सहाव्या दिवशी डावा गाल लाल झाला. जळजळ अन् वरून पापुद्रे निघून राह्यले. उजवा गाल पाहाल तं नवरदेवाचा.

गटाच्या साऱ्या बाया अंगणात जमल्या. एकीनं माझी हनुवटी धरून तोंड फिरवून पायलं, बाजारात बैलाचे दात पाहतात तसं. एक म्हणाली हळद जास्त झाली. दुसरी म्हणाली मातीच खराब. तिसरी म्हणाली, जाऊ द्या, कंपनीच्या मालापुढं आपलं काय टिकते. बायको पुड्या एकेक करून पिशवीत भरत गेली. तवा मी सांगाले पायजे होतं. पण दहा बाया समोर, अन् मी म्हणू का मले हसले म्हणून घासलं? मी चहा मागतला. कोनी दिला नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको पार्लरात गेली, आमचं राहू द्या असं सांगाले. मले पुरावा म्हणून संगं नेलं. बाईनं खुर्चीत बसवलं, मोबाईलचा टॉर्च लावला अन् गाल पायला, कानाची पाळी पायली, केसांची कड पायली. मंग कापूस ओला करून डाव्या कानापाशी फिरवला. नाटकाच्या रंगानं कापूस गुलाबी झाला. उजव्या कानापाशी फिरवला, तो पांढराच.

बाईनं दोन्ही कापूस माझ्या नाकासमोर धरले. "भाऊ, हे काय?"

मंग सांगणं भाग पडलं. थर, तेल, गमछा, सारं. बायको भिंतीकडे तोंड करून बसली. बाई म्हणाली, एवढं घासलं तं दगडही लाल होईल. आठ दिवस वाया, अन् या बाया बिचाऱ्या आपला माल फेकाले निघाल्या.

पयल्यापासून सुरू केलं. या वेळी माझं तोंड नाई. बायको अन् गटातल्या दोघी, अशा तिघींच्या हाताच्या आतल्या बाजूले, एका हाताले उटणं, दुसऱ्याले ट्यूब. बाई एक दिवसाआड स्वतः पाहाची. उटण्यानं कोनाले त्रास झाला नाई, पण बायकोची चामडी कोरडी, तिले माती ओढून धरे. ट्यूबमध्ये ग्लिसरीन होतं, ती मऊ वाटे अन् डागही पडत नव्हता. पण तिच्यातल्या सुगंधानं एकीच्या हाताले खाज सुटली. बाई म्हणाली, म्हणजे घरचं आहे म्हणून चांगलं नाई अन् कंपनीचं आहे म्हणूनही नाई, चामडी पाहून ठरवा लागते.

नुसती चंदनाची पावडर बाईनं बायकोकडून मागून ताटलीत उघडी ठेवली होती. दोन दिवसांत वास उडाला अन् खाली लाकडाचा भुसा राह्यला. बाजारवाल्यानं फसवलं होतं. चंदन काढलं, हळद चिमूटभरच ठेवली, अन् पुडीत काय आहे अन् कवा बनवलं, ते गटातल्या शिकलेल्या सुनेनं पुडीवर लिहिलं. ओलं कालवून ठेवाचं नाई, बुरशी येते, लावाच्या वेळेलेच पाणी टाकाचं.

बाईनं शेवटी सांगतलं, तेलकट चेहऱ्याच्या नवऱ्या मुलींले हप्त्यातून एकदा तुमची पुडी लावीन, कोरड्या चेहऱ्याच्यांले माझी ट्यूब. अन् लगनाच्या आदल्या दिवशी कोनाले काईच नवीन लावणार नाई. बायकोनं दोनदा विचारलं, नक्की नं? नक्की, बाई म्हणाली.

वापस येताना बायको गाडीवर मागं बसून हिशोबानं नाई, आनंदानं बोटं मोजून राह्यली होती, कोनती बाई माती चाळेल, कोनती पुड्या बांधेल. मले वाटलं, राग गेला. मी म्हटलं, आता पुडीवर माझाच फोटो लावा, एवढं सोसलं मी, लोकांले सांगतो कसा माल आहे ते.

ती म्हणाली, "तोंड उघडाची वेळ होती तवा चहा मागत होते. आता गपचाप गाडी चालवा."